नवरदेव परत फ्रीझरमध्ये

त्या टूनाला कारखान्यात सगळे नवरदेव म्हणायचे. माणसाच्या उंचीचा मासा, पोट साफ केलेला, गळ्याशी लाल रिबीन. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढायचा आणि काम झालं की त्याला विसरायचा. नवरदेवाचंही लग्नात असंच होतं म्हणून हे नाव.

मासा आमच्याच बोटीने आणला होता. तो विकला असता तर चांगला भाव आला असता, कापला असता तर चांगला माल निघाला असता. पण चेअरमनने त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला आणि मासा कामातून गेला. फोटो छान आला. चेअरमन बारीक दिसत होता, मासा मोठा दिसत होता. दुसऱ्या दिवशी बँकेचा साहेब आला, त्याला दाखवायला मासा परत बाहेर. मग यंत्रं विकणारा आला. मग परवाना देणारा. मग परवाना देणाऱ्याची मेहुणी. प्रत्येकासाठी नवरदेव बाहेर, आणि फोटो झाला की नवरदेव आत.

आत-बाहेर करायचं काम बर्फ्याचं. बर्फ्या म्हणजे थंडखोलीचा मुख्य माणूस. उन्हाळ्यातही कानटोपी घालणारा, कमी बोलणारा, सांगितलेलं करणारा. तो या जगात एकाच माणसाला उलट बोलायचा नाही असं नव्हतं, तो कुणालाच उलट बोलायचा नाही. त्याची बायको आक्का त्याच कारखान्याचं कँटीन चालवायची आणि घरातला उलट बोलण्याचा सगळा कोटा ती एकटी संपवायची.

आता फोटोची भानगड ऐका. थंडखोलीतून काढलेल्या माशावर पांढरं दव धरतं. फोटोवाल्याला ते चालायचं नाही. "पीठ लावल्यासारखा दिसतोय," तो म्हणायचा. "चमक हवी. आणि शेपूट जरा लोंबू दे, लाकडाचा वाटतोय." मग नवरदेवाला हॉलमधल्या टेबलावर झोपवायचं, दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे आणि वाट बघायची. पाहुणे उशिराच येतात, तो त्यांचा मान असतो. तोवर माशाची कातडी ओली, मग मऊ, मग चक्क कोमट. टेबलाखाली लालसर पाणी. पाहुणा आला की रुमालाने पुसून उभा करायचा, फोटो, टाळ्या, आणि परत आत.

आत म्हणजे कुठे, तेही सांगतो. कारखान्यात गोठवायचं एक यंत्र असतं, ब्लास्ट फ्रीझर. त्यात कडक गार वारा सुटतो आणि माल झटक्यात दगड होतो. ते कायम ऑर्डरच्या मालाने भरलेलं, तिथे नवरदेवाला जागा कोण देणार. त्याला टाकायचे साध्या थंडखोलीत. थंडखोली गोठलेला माल गोठलेला ठेवते. वितळलेला अख्खा मासा तिथे सावकाश, रडत-रखडत गोठतो. सावकाश गोठला की मांसात बर्फाचे मोठे खडे होतात, ते मांस फाडतात, आणि पुढच्या वेळी वितळला की सगळा रस टेबलाखाली. हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चेअरमनला तर सगळ्यात जास्त, कारण तो स्वतः याच कारखान्यात मासे कापत कापत वर चढला होता. बर्फ्याला सुरी कशी धरायची आणि माल कधी फेकायचा हे त्यानेच शिकवलं होतं. माहितीचा तुटवडा कुणालाच नव्हता. सगळे तोंडात गुळणी धरून होते, इतकंच.

मग मोठे साहेब आले. मोठे साहेब म्हणजे ज्यांचे पैसे कारखान्यात गुंतलेले ते. त्यांनी नवरदेवाच्या पाठीवर थाप मारली आणि सहज विचारलं, "हा खाणार कोण?"

चेअरमनला बोलायची जागा मिळाली की भान राहत नाही. तो माइककडे वळून म्हणाला, "हा मासा माझ्या कामगारांचा आहे. वार्षिक मेळाव्याला हा कामगारांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्याच ताटात पडणार."

टाळ्या पडल्या. मोठे साहेब म्हणाले, "मीही येईन जेवायला."

मागे चहाचे कप गोळा करणाऱ्या आक्काने टेबलाखालच्या लालसर पाण्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. बर्फ्याने कानटोपी आणखी खाली ओढली.

घरी गेल्यावर तिने भाजी फोडणीला टाकता टाकता सुरुवात केली.

"किती वेळा बाहेर काढलाय तो?"

"लक्षात नाही."

"अहो, अंदाजे तरी."

"पाहुणे आले तेवढ्या वेळा."

"आणि दिव्यांखाली किती वेळ असायचा?"

"पाहुणे येईपर्यंत."

"तुमच्याशी बोलण्यापेक्षा नवरदेवाशी बोललेलं बरं. तो निदान डोळे तरी उघडे ठेवतो."

बर्फ्याने पोळी मोडली. "मधनं तो वितळलाच नसेल कधी. मधला भाग दगड असतो."

"मधला दगड, आणि वरचा? वरचा भाग तासन् तास उबेला. पोरांना काय मधलाच भाग वाढू, भोक पाडून? आणि टूना आहे तो, दुसरा मासा नाही. उबेला राहिला की त्याच्या मांसात जे विष धरतं ते गोठवून जात नाही आणि उकळून उकळून चिखल केला तरी जात नाही. वास येत नाही, चव कळत नाही. अर्ध्या जेवणात तोंडं लाल व्हायला लागतात, डोकी ठणकतात, अंगावर चट्टे, मग ओकाऱ्या. आणि नाव कुणाचं? स्वयंपाकिणीचं. माशाला कोणी पकडून नेणार नाही."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग सांगा चेअरमनला."

"त्यांनाही माहीत आहे."

"मग?"

"मग त्यांना परत काय सांगायचं?"

यावर आक्काने कढईवर झाकण असं ठेवलं की शेजारणीने भिंतीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. चेअरमनच्या खोलीत एका भिंतीवर ते सगळे फोटो ओळीने लावलेले. ती बसायच्या आधी भिंतच बघत राहिली. पहिल्या फोटोत मासा फुगलेला, डोळा काचेसारखा. पुढच्या फोटोत डोळा आत. त्याच्या पुढच्यात पाठीवर सुरकुती. शेवटच्या ओळीत कातडी राखेसारखी, अंग बसलेलं, शेपटी एका बाजूला मुडपलेली. आणि शेजारचा चेअरमन फोटोगणिक गुटगुटीत होत गेलेला. जणू एकाच्या अंगातलं पाणी दुसऱ्याच्या अंगात चाललं होतं.

"काय बघतेस?"

"तब्येत बघते," आक्का म्हणाली. "दोघांची. साहेब, हा मासा मी शिजवणार नाही."

"का बरं?"

"कारण तुम्हाला माहीत आहे."

चेअरमनने दार लोटून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, म्हणजे मोकळ्या वेळात नव्हता. "हे बघ आक्का. वितळलेला मासा परत गोठवला म्हणून आभाळ कोसळत नाही. आपण रोज काय करतो? बोटीवर गोठवलेला मासा आपल्याकडे येतो, आपण तो वितळवतो, कापतो, तुकड्या करतो आणि परत गोठवतो. दोनदा गोठवलेला माल आपण जगाला खायला घालतो. कुणी मेलंय?"

"नाही. कारण तो तुम्ही बर्फाच्या पाण्यात वितळवता. कापायची खोलीसुद्धा इतकी गार की बायका दोन-दोन स्वेटर घालतात. मासा फ्रीजमधल्या दुधाइतका गार असतो तेव्हाच तो कापून लगेच ब्लास्टमध्ये जातो. त्याला ऊब लागूच देत नाही तुम्ही. जरा कोरडा पडतो, चव जाते, पण माणूस जात नाही. घरीसुद्धा फ्रीजमध्येच वितळलेलं मटण बेत बदलला तर मी परत वर फ्रीझरमध्ये टाकते, काही होत नाही. पण ओट्यावर दुपारभर विसरलं की टाकून देते. तुमच्याच बायकोला विचारा, तीही टाकत असेल. नवरदेव काय फ्रीजमध्ये वितळलाय? दिव्यांखाली वितळलाय, लोकांच्या बगलेत."

"परत गोठवला ना पण. जंतू मेले असतील थंडीने."

"साहेब, हे तुम्ही म्हणताय? थंडीने जंतू झोपतात. तुम्हीच कापायच्या टेबलावर ओरडायचात. बर्फ्या सांगतो घरी."

चेअरमन भिंतीकडे पाहायला लागला. मग म्हणाला, "मी माइकवर बोललोय."

"मग माइकवर परत बोला."

"मोठे साहेब येणार आहेत. त्यांना काय सांगू, की आपल्या कारखान्यात मासा नीट ठेवत नाहीत? मासा ठेवणं हाच तर आपला धंदा." त्याचा आवाज जरा बसला. मग त्याने तो उचलून घेतला. "शिजव, नाहीतर कँटीनच्या किल्ल्या ठेवून जा. दुसरी बाई मिळेल."

आक्काच्या त्या किल्ल्यांवर घर चालत होतं. बर्फ्याचा पगार त्याच्या आईच्या औषधांत जायचा. तिने किल्ल्या ठेवल्या नाहीत आणि हो पण म्हणाली नाही. कँटीनमध्ये परत आली तर तिथे आणखी गंमत.

कामगारांचा पुढारी टेबलावर उभा होता. याला सगळे मागणी म्हणायचे, कारण दुसरं काही तो तोंडातून काढायचा नाही. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं की आक्का मासा शिजवायला नाही म्हणते.

"कामगारांच्या तोंडचा घास काढून घेतला जातोय," मागणी म्हणत होता. "साहेबलोक त्या माशाबरोबर फोटो काढणार आणि आपल्याला मासा नाही. हे चालणार नाही. नवरदेव आमच्या हक्काचा आहे."

"खाशील आणि लोळशील, मेल्या," आक्का म्हणाली. "तो मासा किती वेळा वितळलाय ते तू स्वतः पाहिलंयस. दिवे तूच धरतोस."

"दिवे धरले म्हणून काय झालं. प्रश्न तत्त्वाचा आहे. बाधला तर बाधला, पण तो आमचा निर्णय असेल."

"तुझ्या पोरांचाही?"

मागून कोणीतरी म्हणालं, "तुकडा थोडा मोठा दे आक्का, बाकीचं आम्ही बघून घेऊ." हशा पिकला. एक बाई म्हणाली, तिच्या सासऱ्याला टूना फार आवडतो, आणि सासऱ्याबद्दल ती ज्या तऱ्हेने बोलली त्यावरून तिला विषाचीही अडचण दिसली नाही. मागणीने ठराव टाकला: मासा वाटलाच पाहिजे, आणि सगळ्यांना सारखा. हात वर झाले. ज्यांना काल पोटात मळमळ नको होती त्यांनीच आज ती एकमताने मागून घेतली.

आक्काने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि भांडी घासायला घेतली. लोकांना विष नको म्हणून भांडायचं, तेही लोकांशीच, याला ताकद लागते आणि तिची दुपारपुरती संपली होती.

मेळाव्याच्या सकाळी मैदानात मांडव घातला होता. पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत होती. मागच्या बाजूला आक्काच्या मोठ्या चुली पेटलेल्या, मसाला परतून तयार. तिने रात्रभर विचार करून एवढंच ठरवलं होतं की मासा हातात घ्यायचा नाही, किल्ल्या चेअरमनच्या टेबलावर ठेवायच्या आणि मांडवाच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगायचं. ऐकतील न ऐकतील. निदान तिच्या हाताने वाढलं जाणार नाही. पण दुसरी बाई खरंच बोलावली होती. ती कोपऱ्यात एप्रन बांधून बसली होती, कुणाकडे न बघता.

फोटोवाला दिवे लावत होता. चेअरमनने बर्फ्याला खूण केली: आण.

बर्फ्या गेला. बराच वेळ आला नाही. मोठ्या साहेबांची गाडी फाटकात शिरली तेव्हा तो हातगाडी ढकलत मांडवात आला. हातगाडीवर नवरदेव होता.

नवरदेव निळा होता.

थोडाथोडका निळा नाही. डोक्यापासून मुडपलेल्या शेपटीपर्यंत, शाळेच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. पाठीवर आडव्या चिरा पाडलेल्या आणि रंग त्या चिरांतून आत, हाडापर्यंत उतरलेला. रिबीनसुद्धा निळी. आमच्याकडे खराब ठरलेल्या मालावर हा रंग ओततात, म्हणजे तो धुऊन-पुसून परत कुणाच्या ताटात जाऊ नये. निळं पडलं की संपलं. ते दुरुस्त होत नाही, त्यावर मीटिंग घेता येत नाही. बर्फ्याचे हात कोपरापर्यंत निळे होते, आणि कानटोपीवरही एक बोट उमटलं होतं.

एक पोर म्हणालं, "आई, मला निळा तुकडा."

चेअरमन हातगाडीपाशी आला. तो म्हणाला, "कुणी केलं हे?"

बर्फ्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात लपवायला जागा नव्हती. "मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्या."

"माझ्या?"

"तुम्ही कापायच्या टेबलावर सांगितलं होतं. ऊब लागलेला माल दिसला की विचारायला येऊ नकोस, आधी रंग ओत. मग ये." बर्फ्या एवढं बोलायला वेळ घेत होता, जणू एकेक शब्द थंडखोलीतून काढून आणत होता. "मला यायला उशीर झाला, साहेब. पहिल्या फोटोलाच ओतायला पाहिजे होता."

तेवढ्यात मोठे साहेब पोचले. त्यांनी मासा पाहिला, हात पाहिले, चेअरमनचा चेहरा पाहिला. सगळ्यांना वाटलं आता संपलं.

"अरे वा," मोठे साहेब म्हणाले. "या वेळी निळा केलात?"

चेअरमनने कपाळ पुसलं. एक क्षण असा होता की तो काय करेल हे त्यालाही माहीत नव्हतं. मग उभ्या नोकरीत एकदाच दिसावा तसा त्याच्यातला जुना कापणारा वर आला. किंवा नुसती भीती वर आली, दोन्हीचा आवाज सारखाच असतो. तो म्हणाला, "हा मासा खायचा नाही, साहेब. फार वेळा बाहेर राहिला. आमच्याकडे असा माल रंगवून फेकतात. बघा, किती कडक कारभार आहे."

"उत्तम," मोठे साहेब म्हणाले, आणि फोटोवाल्याकडे वळले. फोटोवाला म्हणाला रंग झकास येतोय. त्यांनी निळ्या माशाबरोबर फोटो काढला. मी डोळ्यांनी पाहिलं. असल्या लोकांना लाज वाटावी अशी वस्तू अजून बनलेली नाही.

"मग जेवायला काय?" मागणीने मागून विचारलं. पहिल्यांदाच तो योग्य प्रश्न विचारत होता.

बर्फ्याने हातगाडीच्या खालच्या फळीवरचं फडकं बाजूला केलं. तिथे बंद डब्यांत, बर्फात पुरलेल्या, कारखान्याच्याच तुकड्या होत्या. आदल्या दिवशी त्याने त्या विचारल्याशिवाय गोदामातून काढून फ्रीजमध्ये वितळायला ठेवल्या होत्या. आक्काने एक तुकडी उचलून दाबून पाहिली. बर्फासारखी गार.

"मला सांगता आलं नाही?" ती हळूच म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस. मग माझं धैर्य गेलं असतं."

"कसलं मेलं धैर्य. ती कानटोपी काढा आधी, तेलात पडेल."

जेवणं झाली. दोनदा गोठवलेला मासा, म्हणून जरा भुसभुशीत. मागणीने भरल्या तोंडाने तक्रार केली की तुकड्या कोरड्या आहेत आणि कामगारांना नेहमी दुय्यम माल मिळतो, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. कोपऱ्यातल्या दुसऱ्या बाईने एप्रन सोडून पंगतीत जागा धरली. कुणाचं तोंड लाल झालं नाही, मिरचीने झालं तेवढंच.

गोदामातला माल न विचारता काढला म्हणून बर्फ्याला दुसऱ्या दिवशी थंडखोलीवरून काढून कापायच्या टेबलावर टाकलं. मासा रंगवला म्हणून नव्हे, त्याबद्दल चेअरमनने मोठ्या साहेबांकडून शाबासकी घेतली होती. आक्काच्या किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या. थंडखोलीवर मागणीला बसवलं, कारण तो तिथे गेला की बाहेर शांतता.

मेळाव्यात बरंच कालवण उरलं होतं. आक्काने ते तेव्हाच उथळ ताटांत पसरून, ताटं बर्फात ठेवून भराभर गार केलं होतं आणि फ्रीजमध्ये ढकललं होतं. दुसऱ्या सकाळी ती डबे भरून थंडखोलीच्या दाराशी आली. मागणी दारात आडवा उभा.

"हे आत जाणार नाही," तो म्हणाला. "मासा आधी गोठवला, मग वितळवला. आता परत गोठवायचा? काल एवढं महाभारत झालं आणि तू मलाच शिकवतेस?"

"हा शिजलाय, बाबा. गार राहूनच वितळला, लगेच शिजला, लगेच गार झाला, रात्रभर फ्रीजमध्ये होता. शिजलेलं चालतं."

"मला लिहून दे."

"डोकं आहे का तुला?"

"डोकं असतं तर इथे थंडीत उभा असतो का?"

मागे कापायच्या टेबलावर बर्फ्या उभा होता, हात अजून निळसर. त्याने सुरी खाली ठेवली, दाराशी आला, आणि आक्काच्या हातातले डबे घेऊन मागणीच्या काखेखालून आत शिरला. मागणी ओरडत होता की हे नियमात बसत नाही. आतून बर्फ्याचा आवाज आला, चांगला मोठा:

"दार लाव रे. ऊब येतेय."